आई-बाबांचा पहिला परदेश प्रवास: विम्याची पॉलिसी कुणी उलगडून सांगेल का?

पांढरारस्सा | १२ एप्रिल, सायंकाळी ६.१०

नमस्कार मंडळी. आई (६१) आणि बाबा (६७) मे महिन्यात बहिणीकडे जर्मनीत चाललेत, श्टुटगार्टजवळ. मुक्काम ७५ दिवस. दोघांनीही आजवर विमान पाहिलंय ते कोल्हापूरच्या आकाशात. मुंबईहून आखातात विमान बदलून फ्रँकफर्ट, पुढे बहीण न्यायला येणार आहे.

व्हिसासाठी विमा लागतो म्हणून ओळखीच्या एजंटकडून काढला. चौतीस पानांची पीडीएफ आली. एजंटला विचारलं तर म्हणतो, "सगळं कव्हर आहे, बिनधास्त जाऊ दे." बाबा रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी सगळी पानं प्रिंट काढून घेतली आणि लाल पेनाने खुणा करून मला परत दिली. आता मला उत्तरं द्यायचीत.

पॉलिसीत असं आहे: वैद्यकीय खर्च ५०,००० डॉलर, डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, १०० डॉलर. प्रवासाला उशीर, १२ तासांनंतर. चेक-इन सामान हरवलं तर ५०० डॉलर. सामान उशिरा आलं तर १०० डॉलर, तेही १२ तासांनंतर.

बाबांना बारा वर्षं बीपी आहे, गोळी चालू. आईला काही नाही, गुडघे सोडून. बाबांचा पहिला प्रश्न: "मला तिकडे काही झालं तर हे लोक पैसे देणार की नाही, हो किंवा नाही एवढंच सांग."

---

व्हिसावीर | १२ एप्रिल, सायंकाळी ६.४०

टेन्शन घेऊ नका. शेंगेनचा नियमच आहे, किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, पूर्ण मुक्कामासाठी. तुमची पॉलिसी ५०,००० डॉलरची, म्हणजे त्याच्या वरच. दूतावासाने पॉलिसी मान्य केली म्हणजे तिकडे उपचार मिळणारच. माझ्या सासऱ्यांना असाच व्हिसा मिळाला, काही प्रॉब्लेम आला नाही.

---

टकमकटोक | १२ एप्रिल, सायंकाळी ६.५५

सासरे आजारी पडले होते का पण?

---

व्हिसावीर | १२ एप्रिल, सायंकाळी ७.०२

नाही, सुदैवाने.

---

टकमकटोक | १२ एप्रिल, सायंकाळी ७.०३

मग प्रॉब्लेम कसा येईल? :)

---

जुनाकारकून | १२ एप्रिल, रात्री ८.५२

मी एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. कंपनीचं नाव विचारू नका.

व्हिसावीर यांनी ३०,००० युरोचं बरोबर सांगितलंय, पुढचं नाही. दूतावास बघतो ती रक्कम, तारखा आणि देश. तुमच्या वडिलांना बीपी आहे आणि त्याबद्दल पॉलिसी काय म्हणते, हे बघणं त्यांचं काम नाही. व्हिसाला चाललेली पॉलिसी क्लेमला चालेलच असं नाही. दोन्ही परीक्षा वेगळ्या, पेपर तपासणारेही वेगळे.

हेडमास्तरांना हो किंवा नाही हवंय, तर उत्तर असं: बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलं, तर हो. तिकडची थंडी बाधून न्यूमोनिया झाला, तरी हो. बीपी वाढून पक्षाघात झाला, तर थांबा, इथे पॉलिसीचं पान उघडावं लागेल.

पांढरारस्सा, 'आधीपासूनचे आजार' या मथळ्याखाली काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका. आणि प्रस्तावाच्या अर्जात बीपी लिहिलं होतं का, हे एजंटला आजच विचारा. आजच.

---

अण्णा चिपळूणवाले | १२ एप्रिल, रात्री ९.१५

आमच्याकडे पाच लाखांची मेडिक्लेम आहे, कॅशलेस. ती नेली तर चालणार नाही का? जर्मनीत कॅशलेस रुग्णालयांची यादी कुठे मिळेल?

---

अबोली | १२ एप्रिल, रात्री ९.२८

अण्णा, ती भारतापुरती. घरगुती मेडिक्लेम बहुतेक वेळा वेशीबाहेर चालत नाही, काही महागड्या पॉलिसी सोडून. प्रवासाचा विमा वेगळा काढावा लागतो आणि तो निघण्याआधी काढायचा.

---

पांढरारस्सा | १३ एप्रिल, सकाळी १०.३०

जुनाकारकून सर, आभार. एजंटला फोन केला. अर्जात बीपीच्या पुढे "नाही" लिहिलंय! म्हणाला, "हो लिहिलं तर प्रीमियम वाढतो आणि उगाच फाटे फुटतात, सगळे नाहीच लिहितात." बाबांना अजून सांगितलेलं नाही.

पॉलिसीत असं आहे, मी माझ्या भाषेत लिहितो: आधीपासूनचा आजार आणि त्यातून उद्भवलेली कुठलीही तक्रार कव्हर नाही. मात्र जीव धोक्यात असेल अशा तातडीच्या प्रसंगी, रुग्ण स्थिर होईपर्यंतचे उपचार, कमाल १,५०० डॉलर.

---

जुनाकारकून | १३ एप्रिल, दुपारी १२.०५

हेच ते पान. म्हणजे बीपीशी नातं असलेल्या कुठल्याही गोष्टीला तुमची ५०,००० ची पॉलिसी प्रत्यक्षात १,५०० ची आहे. रुग्णालयातल्या पहिल्या एक-दोन दिवसांतच ते संपू शकतात. "स्थिर होईपर्यंत" हे शब्दही लक्षात ठेवा. डॉक्टरांनी लिहिलं की रुग्ण आता स्थिर आहे, पुढचे उपचार मायदेशी घेता येतील, की त्या क्षणापासून मीटर तुमचं.

आणि ते "नाही" बदलून घ्या. बारा वर्षं गोळी घेणाऱ्या माणसाच्या अर्जावर "नाही" म्हणजे लपवाछपवी. मग मनगटाचा साधा क्लेमसुद्धा लोंबकळतो, कारण कंपनी म्हणू शकते की अर्जच खोटा होता. पॉलिसी अजून सुरू झालेली नाही ना? मग ही रद्द होऊ शकते. थोडे पैसे कापतील. दुसरी अशी घ्या जिच्यात आधीच्या आजाराची मर्यादा जास्त आहे, अर्जात बीपी आणि गोळीचं नाव नीट लिहा. प्रीमियम वाढेल. ७५ दिवसांची वाढ तिकडच्या एका तपासणीच्या बिलापेक्षा कमीच असेल. फक्त व्हिसाच्या फाइलला जुनीच प्रत लावली असेल, तर नवीन प्रत वेळेत तिकडे पोचवा.

साठीच्या वरच्यांसाठी अजून एक गोम असते. काही पॉलिसींत वरच्या रकमेच्या पोटात छोट्या मर्यादा असतात: खोलीचं भाडं दिवसाला इतकं, आयसीयू इतकं, सर्जनची फी इतकी. वर ५०,००० झळकत असतात आणि आत प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप. बाबांच्या वयाला हे लागू आहे का, ते परिशिष्टात मिळेल.

---

बोरूबहाद्दर | १३ एप्रिल, दुपारी १२.४०

कारकून साहेब, "प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप"... क्लेम नाकारण्याच्या पत्रांतून तुमची वाङ्मयीन हौस भागत असणार. :D

---

जुनाकारकून | १३ एप्रिल, दुपारी १२.५५

ती पत्रं छापील असत. हौस इथे भागवतोय.

---

निमाताई | १३ एप्रिल, दुपारी ३.२०

आमचा किस्सा सांगते, लांबलाय, पण उपयोगी पडेल.

२०२२ मध्ये आम्ही दोघं मुलाकडे जर्मनीत. यजमान तेव्हा ६६, बीपी आणि शुगर दोन्ही, दोन्ही अर्जात लिहिलेलं. तिसऱ्या आठवड्यात रात्री दीड वाजता छातीत दुखायला लागलं, घाम. मुलाने ११२ ला फोन केला, अँब्युलन्स आली, रुग्णालयात दोन रात्री ठेवलं. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, इको, सगळं नॉर्मल. शेवटी निघालं पित्त! आदल्या दिवशी सुनेने हौसेने मिसळ केली होती.

बिल ३,४८० युरो. आमची समजूत, कार्ड दाखवलं की कंपनी भरणार. तसं काही झालं नाही. पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन केला. ते म्हणाले, रुग्णालयाला हमीपत्र पाठवतो. हमीपत्र येईपर्यंत डिस्चार्जची वेळ झाली आणि रुग्णालयाच्या बाई म्हणाल्या की परदेशी रुग्णांकडून आम्ही आधी रक्कम घेतो. मुलाने कार्डाने २,००० भरले, उरलेले नंतर बँकेतून.

इकडे परत आल्यावर क्लेम टाकला. कंपनीने भारतातल्या डॉक्टरांचे तीन वर्षांचे कागद मागितले. मग पत्र आलं की हे हृदयाचं दुखणं, बीपीतून आलेलं, मर्यादा लागू. आम्ही डिस्चार्जचं पत्र भाषांतर करून पाठवलं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हृदयाशी संबंध नाही. तीन महिन्यांनी १०० डॉलर कापून बाकी सगळे मिळाले.

एक राहिलं. अँब्युलन्सचं बिल वेगळं, आम्ही पुण्यात पोचल्यावर पाच आठवड्यांनी मुलाच्या घरी पोस्टाने आलं. ते क्लेममध्ये नव्हतंच. पुन्हा पत्रव्यवहार!

---

फिरस्ती | १३ एप्रिल, दुपारी ३.५०

मिसळीचं बिल साडेतीन हजार युरो. कोल्हापूरकरांनो, नोंद घ्या.

---

पांढरारस्सा | १३ एप्रिल, दुपारी ३.५८

ती मिसळ पुणेरी असणार. कोल्हापुरी असती तर पित्त आधीच जळून गेलं असतं.

निमाताई, फार उपयोगी. म्हणजे दाखल झाल्या झाल्या फोन करायचा, बरोबर?

---

जुनाकारकून | १३ एप्रिल, सायंकाळी ५.१०

निमाताईंच्या किश्शात तीन गोष्टी आहेत. मी टेबलाच्या पलीकडून सांगतो.

आधी फोनचं. बहुतेक पॉलिसींत दाखल झाल्यावर २४ तासांच्या आत कळवा असं असतं, पण सकाळची वाट बघू नये. रुग्णाला गाडीत घातल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाने फोन लावायचा. क्रमांक बाबांच्या पाकिटात कागदावर हवा. मोबाइल लॉक असतो आणि बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. फोनवर एक केस नंबर देतात, तो घ्यायचाच. पुढे भांडायची वेळ आली तर तारीख आणि वेळेचा पुरावा तोच.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. डॉक्टर विचारतात, कधीपासून त्रास आहे? आपली माणसं मोकळेपणाने सांगतात, "अहो हे बरेच दिवसांपासून अधूनमधून व्हायचंच." ते वाक्य जर्मन भाषेत पत्रात उतरतं आणि क्लेमच्या टेबलावर लाल होतं. खोटं बोला असं मी म्हणत नाही, औषधं आणि आजार डॉक्टरांना खरेच सांगा, जिवाचा प्रश्न आहे. पण आज काय झालं आणि कधी सुरू झालं, हे नेमकं सांगा. "अधूनमधून" म्हणजे सहा वर्षांपूर्वी एकदा लग्नाच्या पंगतीत, तर तसं सांगा. दुभाषा म्हणून बहीण सोबत असेल तर तिला हे आधीच सांगून ठेवा.

तिसरं कॅशलेसचं. परदेशात रुग्णालय आणि भारतीय कंपनी यांच्यात थेट करार असेलच असं नाही, मध्ये मदत कंपनी असते. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर हमीपत्र येतं, डॉक्टरची साधी भेट किंवा एक्स-रे असेल तर जवळपास नेहमी आधी खिशातून आणि मग परत. म्हणून बहिणीच्या कार्डावर दोन-तीन हजार युरोची सोय ठेवा. बिलावर नाव, तारीख, काय उपचार केले हे हवं, आणि पैसे भरल्याची पावती वेगळी. नुसतं बिल म्हणजे पैसे मागितल्याचा कागद, भरल्याचा नव्हे.

---

अबोली | १३ एप्रिल, रात्री ८.३०

मी म्युनिकमध्ये असते, तिकडची एक भर. जीव धोक्यात नसेल पण रात्री किंवा रविवारी डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हा क्रमांक आहे. थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात गेलात तर तासन् तास बसावं लागतं आणि बिलही जास्त. ताप, कान दुखणं, लघवीची जळजळ यासाठी हाच बरा. ११२ छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, रक्तस्राव यासाठी.

आणि विम्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्या सासू-सासऱ्यांसाठी मी इथल्याच कंपनीकडून पाहुण्यांचा विमा घेतला. इथल्या डॉक्टरांना नाव माहीत असतं, पत्रव्यवहार जर्मनमध्ये, भाषांतराची कटकट नाही. भारतातून काढायचा अट्टहास का?

---

जुनाकारकून | १३ एप्रिल, रात्री ९.०५

चांगला पर्याय आहे, फक्त आधीच्या आजाराचं कलम तिथेही असतं. शिवाय त्यात सामान आणि विमानाचा उशीर सहसा नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. मी भारतातली पॉलिसी सुचवतो कारण नकार आला तर तक्रार इथे करता येते. आधी कंपनीकडे, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

---

अबोली | १३ एप्रिल, रात्री ९.१२

जर्मनीतही विम्याचे लोकपाल आहेत, फुकट. मुद्दा मान्य, पण निर्णय नाही पटला.

---

जुनाकारकून | १३ एप्रिल, रात्री ९.२०

चालायचंच.

---

पांढरारस्सा | १४ एप्रिल, सकाळी ९.४५

बाबांना सगळं वाचून दाखवलं. अर्जातलं "नाही" कळल्यावर एजंटला फोन करून त्यांनी त्याच्या शाळेतल्या इयत्तेची आठवण करून दिली. तो त्यांचाच विद्यार्थी निघाला. पॉलिसी रद्द, नवीन काढतोय, बीपी आणि गोळी लिहून. नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराची मर्यादा १०,००० डॉलर आहे, तातडीच्या प्रसंगी. प्रीमियम दीडपट झाला.

आता बाबांच्या लाल खुणा दोन उरल्या: विमानाचा उशीर आणि बॅगा. आई विचारते आहे, पैठणी बॅगेत ठेवू की पर्समध्ये? तिला ती तिकडे डोहाळजेवणाला नेसायचीय.

---

फिरस्ती | १४ एप्रिल, सकाळी १०.२०

अभिनंदन मामा होणार आहात!

पैठणी पर्समध्ये. म्हणजे सोबत विमानात. माझ्याकडे बॅगांचा अनुभव दांडगा आहे, दर तिसऱ्या ट्रिपला माझी बॅग माझ्याशिवाय फिरते.

पहिली गोष्ट, बॅग पट्ट्यावर आली नाही तर बाहेर पडायचं नाही. कस्टम ओलांडण्याआधी विमान कंपनीचा हरवलेल्या सामानाचा काउंटर असतो. तिथे तक्रार नोंदवून दहा अक्षरांचा क्रमांक असलेला कागद घ्यायचा, त्याला पीआयआर म्हणतात. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची, मग आकडे. या कागदाशिवाय विमा कंपनी दारात उभं करत नाही. फ्रँकफर्टला आई-बाबा थकलेले असतील, बहीण बाहेर वाट बघत असेल, मोह होतो की उद्या फोन करू. नाही करायचा तसा.

उशिराचं असं. तुमच्या पॉलिसीत १२ तासांनंतर १०० डॉलरपर्यंत, ते रोख नाहीत. घेतलेल्या वस्तूंच्या पावत्या द्याव्या लागतात: दात घासायचा ब्रश, अंतर्वस्त्रं, औषधं. मागच्या वर्षी माझी बॅग २७ तास उशिरा आली. मी ६४ युरोची खरेदी केली, त्यात एक परफ्यूम होतं. परफ्यूम कापलं, बाकीचे ४१ मिळाले. आवश्यक वस्तू म्हणजे काय ते त्यांचं ठरतं, नाकाचं नाही.

परतीच्या वाटेवर मुंबईत बॅग उशिरा आली तर माझ्या पॉलिसीत काहीच नव्हतं, कारण तुम्ही घरी पोचलात, तुमच्याकडे दुसरे कपडे आहेत.

---

टकमकटोक | १४ एप्रिल, सकाळी १०.४५

आणि बॅग हरवलीच तर ५०० डॉलर मिळतात का? मग मी जुने शर्ट भरतो.

---

जुनाकारकून | १४ एप्रिल, सकाळी ११.३०

शर्ट भरा, तोटा नाही, पण ५०० मिळणार नाहीत.

पांढरारस्सा यांच्या बॅगेचा हिशेब करून बघू. दोन बॅगा आणि एकूण मर्यादा ५०० डॉलर. पॉलिसीत बहुधा असं असेल की एका बॅगेला निम्मी, म्हणजे २५०, आणि एका वस्तूला दहा टक्के, म्हणजे ५०. आता समजा आईंची पैठणी बॅगेत होती, किंमत १८,००० रुपये, पावती आहे. विम्यातून त्या एका साडीचे मिळतील ५० डॉलर, म्हणजे साडेचार हजारांच्या आत-बाहेर. पदराची किंमतसुद्धा नाही. दागिने, रोख, लॅपटॉप, कॅमेरा यांना शून्य. म्हणून फिरस्ती म्हणतात तेच खरं, मौल्यवान गोष्ट सोबत न्यायची. बाबांच्या बीपीच्या गोळ्याही सोबत, पूर्ण ७५ दिवसांच्या, चिठ्ठीसकट.

बॅगेची खरी जबाबदारी विमान कंपनीची असते. माँट्रियल कराराप्रमाणे डिसेंबर २०२४ अखेरपासून कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर, म्हणजे साधारण २,००० डॉलरच्या घरात. ती कमाल आहे, नुकसान दाखवावं लागतं. एकवीस दिवस बॅग आली नाही तर ती हरवली असं धरता येतं. बॅग फाटून आली तर सात दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा आली तर हातात आल्यापासून एकवीस दिवसांत. विमा कंपनी आधी विचारते, विमान कंपनीने किती दिले? ते वजा करून बाकी. म्हणून क्रम उलटा करू नका.

निघण्याआधी उघड्या बॅगांचे फोटो काढा, आत काय आहे दिसेल असे. पाच मिनिटांचं काम आहे.

---

व्हिसावीर | १४ एप्रिल, दुपारी १२.१०

बॅगेत चकल्या, गोडा मसाला, लोणची असतील तर तेही क्लेम करता येईल का? बायको विचारतेय, मी नाही.

---

अबोली | १४ एप्रिल, दुपारी १२.३५

क्लेमचं सोडा, आधी तूप आणि पेढे काढा! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. माझ्या आईचं तुपाचं पातेलं फ्रँकफर्टला कस्टमवाल्याने टाकून दिलं आणि आई अजून त्या माणसाला शिव्या घालते.

---

जुनाकारकून | १४ एप्रिल, दुपारी १२.४८

कस्टमने जप्त केलेल्या वस्तूला विमा नाही, हे बहुतेक सगळ्या पॉलिसींत ठळक असतं. तुपाबद्दल माझी सहानुभूती.

---

बोरूबहाद्दर | १४ एप्रिल, दुपारी १.३०

विमानाच्या उशिराचं कोणीच बोलत नाहीये. मला मागे साडेदहा तास उशीर झाला, दिल्लीत रात्रभर लोळलो, कंपनीने शून्य दिले. बारा तासांची अट. वर म्हणाले, आपण विमान कंपनीने दिलेलं जेवण घेतलंच ना? घेतलं, पुलाव होता, तोही गार.

---

फिरस्ती | १४ एप्रिल, दुपारी २.१५

उशिराच्या कलमातून फार अपेक्षा ठेवू नये. बारा तास झाले तरी बहुतेक वेळा ठरावीक छोटी रक्कम मिळते, तीही विमान कंपनीकडून लेखी घ्यावं लागतं, किती तास आणि कशामुळे. ते पत्र विमानतळावर मागा. घरी आल्यावर ईमेलला उत्तर येत नाही.

पण जर्मनीला जाणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट माहीत ठेवावी. युरोपियन युनियनच्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही विमानाला त्यांचा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो, कंपनी आखातातली असली तरी. म्हणजे परतीच्या वेळी फ्रँकफर्टहून निघताना. एकाच बुकिंगवर मुंबईला तीन तासांहून जास्त उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हातातलं होतं, तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रण अशी कारणं असतील तर नाही. जाताना मात्र मुंबईहून आखाती कंपनीने निघालात तर हा नियम नाही. युरोपीय कंपनी असेल तर जातानाही लागू.

हे पैसे विमान कंपनी देते, विम्याचा संबंध नाही.

---

टकमकटोक | १४ एप्रिल, दुपारी २.३०

म्हणजे परतताना उशीर झाला तर दोघांचे १,२०० युरो! बाबांना सांगा, हळूहळू चालायला.

---

फिरस्ती | १४ एप्रिल, दुपारी २.३४

ते स्वतः उशिरा गेले तर विमान निघून जातं हो, भरपाई मिळत नाही.

---

अण्णा चिपळूणवाले | १४ एप्रिल, दुपारी ३.००

पॉलिसीची सुरुवातीची तारीख विमानाची धरायची की व्हिसाची?

---

जुनाकारकून | १४ एप्रिल, दुपारी ३.४०

अण्णा, हा प्रश्न चांगला काढलात. विमान मुंबईहून पहाटे ४ मेच्या १.१५ ला असेल, तर माणूस ३ मेला घरून निघतो. पॉलिसी ४ तारखेपासून घेतली आणि ३ मेच्या रात्री विमानतळावर काही घडलं, तर पहिलाच वाद तिथे. एक दिवस आधीची तारीख घ्या. परतीलाही एक-दोन दिवस जास्त, विमान रद्द झालं तर पॉलिसी मध्येच संपू नये.

---

पांढरारस्सा | १५ एप्रिल, रात्री ९.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी पॉलिसी ३ मेपासून. तूप काढलं. पैठणी पर्समध्ये नाही मावत, म्हणून आईने छोटी केबिन बॅग घेतली. मदत क्रमांक बाबांनी स्वतःच्या हस्ताक्षरात तीन कागदांवर लिहिलाय, त्यातला एक खिशाला सेफ्टी पिनने टाचलाय.

---

निमाताई | १५ एप्रिल, रात्री ९.३०

गुडघ्यांचं काय? आईंच्या अर्जात लिहिलं का?

---

पांढरारस्सा | १५ एप्रिल, रात्री ९.४१

लिहिलंय. बाबा हेडमास्तर आहेत हो ताई, सोडतील का?

---

पांढरारस्सा | १० मे, सकाळी ११.२०

धागा वर काढतोय. घडलंच. फ्रँकफर्टला बाबांची एक बॅग आलीच नाही. आखातात राहिली. आई म्हणते, बाहेर पडायची इतकी घाई झाली होती, पण बाबा काउंटरवर हटून बसले, फिरस्तींचं नाव घेऊन. दहा अक्षरांचा कागद मिळाला. बॅग २६ तासांनी घरी पोचली. तोवर बहिणीने शर्ट, पायजमा, ब्रश आणि दाढीचं सामान घेतलं, ५३ युरो, पावत्या आहेत.

क्लेम ऑनलाइन टाकला. तीन दिवसांनी त्यांचा ईमेल: पीआयआर मिळाला, पावत्या मिळाल्या, मूळ बोर्डिंग पास पाठवा. बाबांनी ते दोन्ही बोर्डिंग पास विमानात पुस्तकाची खूण म्हणून वापरले आणि पुस्तक सीटच्या खिशात राहिलं.

---

फिरस्ती | १० मे, दुपारी १२.०५

विमान कंपनीकडे प्रवास केल्याचं प्रमाणपत्र मागा, तिकीट क्रमांक देऊन. बहुतेक देतात. बॅगेचा टॅग बोर्डिंग पासला चिकटवलेला नव्हता ना?

---

पांढरारस्सा | १० मे, दुपारी १२.२०

टॅग बाबांनी त्या तीन कागदांपैकी एकाला चिकटवून ठेवलाय! तोच सेफ्टी पिनवाला. प्रमाणपत्रासाठी ईमेल आत्ताच केला.

---

जुनाकारकून | १० मे, दुपारी १.१०

टॅगचा फोटो, इमिग्रेशनचा शिक्का आणि तिकीट एकत्र पाठवा, प्रमाणपत्राची वाट बघत बसू नका. त्यावर काय म्हणतात ते इथे टाका.

---

टकमकटोक | १० मे, दुपारी १.१५

आणि पुस्तक कुठलं होतं? त्याचाही क्लेम टाकता येईल.